छप्पन्नावा सेकंद

"पाच कडवी! पाच! आणि एकदाही मागे वळून बघायचं नाव नाही. हे गाणं आहे की रुसून निघालेला जावई?"

ही कुरकुर दवाखान्याच्या मागच्या खोलीतून आली. रिसेप्शनच्या टेबलामागे एक अर्धं दार आहे, त्यापलीकडे कवळीकाका बसतात. प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत माखलेले, भुवयांसकट. बत्तीस वर्षं ते या दवाखान्यासाठी कवळ्या करत आले. गावातले निम्मे म्हातारे त्यांच्या दातांनी हसतात, पण ते दात केले कुणी हे एकालाही माहीत नाही. दात बसवतात डॉक्टर, धन्यवादही डॉक्टरांना.

रिसेप्शनच्या ताईंनी फोन खांद्याशी धरून दाराकडे मान वळवली. "काका, हळू. डॉक्टर आतच आहेत. दाढ काढतायत."

"दाढ तरी एकदाच काढतात ना? गाण्यात पाच वेळा काढलीय."

प्रकरण असं होतं. शनिवारी दंतवैद्यांच्या संघटनेचं वार्षिक संमेलन होतं, आणि दर वर्षी तिथे एखाद्या दवाखान्याला गाणं सादर करायची संधी मिळे. या वर्षी ती यांना मिळाली होती. डॉक्टरांनी गाणं लिहिलं, चाल मात्र काकांची. तरुणपणी काका एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचे. पुढे लग्न झालं, कवळ्या आल्या आणि गिटार कपाटावर गेली. आता ती खाली उतरली होती. महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते, म्हणजे शनिवार हा त्यांचा इतक्या वर्षांनंतरचा पहिला आणि बहुधा शेवटचा मंच. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी त्याविषयी बोलत नव्हतं.

दवाखाना दोन ते चार बंद असतो. त्या वेळात तालीम. ड्रम्सवर होती असिस्टंट मुलगी, जिला सगळे चिमटी म्हणतात. हत्यारं हातात देण्यात तिचा हात इतका अचूक की डॉक्टरांना मागावं लागत नाही, बोटं पुढे केली की झालं. बास गिटारवर डॉक्टरांच्या पत्नी, डॉक्टरीणबाई. त्या शाळेत गणित शिकवतात आणि मोजण्यात एक आकडासुद्धा चुकत नाहीत. ताई गाणार होत्या थोडंसं. आणि डॉक्टर गाणार होते बरंचसं.

त्या दिवशी दोन वाजता काकांनी डॉक्टरांचा कागद वेटिंग रूमच्या टीपॉयवर पसरला आणि प्लास्टर लागलेलं बोट त्यावर ठेवलं.

"डॉक्टर, शब्द झकास आहेत. पण लोकांना काय लक्षात राहील?"

"सगळंच!" डॉक्टर म्हणाले. माणूस दिलदार, हात हलका. इंजेक्शन कधी टोचलं हे पेशंटला कळत नाही. पण स्वतःच्या गाण्याविषयी त्यांचा विश्वास दगडासारखा होता.

"सगळं म्हणजे काहीच नाही. ऐका." काकांनी गिटार मांडीवर घेतली. जाड तारांवर दोन मात्राखंडांत, म्हणजे आठ ठोक्यांत, मावेल इतकी छोटी ओळ वाजवली, सात सुरांची. टॅं टॅं, टडॅं टॅं, टॅं डाऽ... आणि थांबले. मग पुन्हा तीच. पुन्हा थांबले.

"पुढे?" चिमटीनं विचारलं.

"बघितलंत? विचारलं हिनं!" काकांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात रिफ. हाच गळ. शेवटचा सूर मी सा वर आणला नाही, एक पायरी खाली कोमल नी वर लटकवून ठेवला. सा म्हणजे घर. दारापर्यंत आणायचं आणि बेल वाजवू द्यायची नाही. आणि मग गॅप. त्या गॅपमध्ये ऐकणारा स्वतःच मनात वाजवतो. जे त्यानं स्वतः वाजवलं, ते तो विसरत नाही."

डॉक्टरीणबाईंनी वहीत खूण केली. "किती वेळा वाजवायची?"

"सुरुवातीला चार वेळा. आठ मात्राखंड, सोळा सेकंद. मग व्हर्स, म्हणजे आपलं कडवं. कडव्यात गोष्ट सांगायची, म्हणून आवाज खाली ठेवायचा. जवळजवळ बोलल्यासारखा. गिटारच्या तारांवर तळहात टेकवून त्या दाबलेल्या, ठुकठुक. बास कमी. ताईंनी एक ओळ म्हटली की मी मध्ये रिफचा एकच तुकडा टाकणार. माणूस बोलतो तेव्हा शेजाऱ्यानं मान हलवावी तसा."

"आणि मी?" डॉक्टर.

"सांगतो. कडव्यानंतर चार मात्राखंडांचा चढ. चिमटीचे ड्रम भरत जाणार, सूर एकेक पायरी वर. ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी येतंय. आणि येतो कोरस. तारांवरचा हात उठला, गिटार पूर्ण वाजली, सूर वरचे, शब्द कमी आणि दर वेळी तेच. आणि तो सा, ज्यासाठी लोकांना लटकवलं, तो इथे मिळतो. कडवं दर वेळी नवं सांगतं, म्हणून लोक ऐकतात. कोरस दर वेळी तेच सांगतो, म्हणून लोक गातात."

"पण एकदा सांगितलं ना," डॉक्टर म्हणाले, "मग परत काय सांगायचं?"

"तुम्ही पेशंटला 'आ करा' एकदाच सांगता का?"

यावर डॉक्टर मनापासून हसले, आणि त्या हसण्यातूनच कोरस सापडला. पाच कडव्यांतली साडेतीन गेली, आणि उरलेल्या दीड कडव्यांना जोडून आल्या या दोन ओळी:

आऽऽ कर, मनातलं बोलून टाक,
आऽऽ कर, आता बोलून टाक!

"हे बघा," काका हरखून म्हणाले, "आऽऽ! उघडा स्वर. वरच्या सुरावर ताणला तरी घसा आवळत नाही. सभागृहातल्या मागच्या रांगेलाही म्हणता येईल. आणि तिथे बसलेत सगळे दंतवैद्य!"

"आणि ब्रिज?" चिमटी म्हणाली. तिला तेवढा शब्द ठाऊक होता.

"ब्रिज तर मी रोज बसवतो," डॉक्टर म्हणाले.

"तुमचा ब्रिज फट बुजवतो, माझा फट पाडतो. दोनदा कडवं, दोनदा कोरस झालं की कान सरावतात. मग एकदम दुसऱ्या घरात जायचं. रिफ बंद. ड्रम अर्ध्या चालीवर. नवे सूर, नवी नजर, तीच गोष्ट पलीकडच्या बाजूनं. शेवट पंचमावर टांगलेला. मग एक मात्राखंड संपूर्ण शांत. कोणी खोकायचंसुद्धा नाही. त्यानंतर एकटी रिफ, एकदाच. आणि शेवटचा कोरस, दुप्पट. तोच कोरस असतो हो, एक अक्षर वेगळं नाही. पण बाहेरून फिरून आल्यावर आपलंच घर कसं दिसतं?"

ताईंना वाटलं, बत्तीस वर्षं आपण या माणसाला फक्त "काका, वरची कवळी झाली का?" एवढंच विचारत आलो.

"वा," डॉक्टर म्हणाले. "मग सगळ्यात महत्त्वाचा कोरसच ना? तो मी गातो."

आणि ते गायले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की डॉक्टरांचा आवाज वाईट नव्हता. भारदस्त होता. फक्त तो गाण्याच्या वाटेनं जात नसे. सूर डावीकडे वळला की हा सरळ जाई, सूर वर चढला की हा खाली थांबून त्याची वाट बघे. आणि जोर असा की आपण बरोबर आहोत, गिटार चुकतेय, असं गिटारलाच वाटावं.

काकांनी तारांकडे बघितलं. चिमटीनं काठ्यांकडे. डॉक्टरीणबाईंनी वहीकडे. खरं न सांगण्याची प्रत्येकाची कारणं वेगवेगळी होती. चिमटीला दवाखान्यातल्या पहिल्या दिवशी भीतीनं रडू आलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी तिला स्वतःच्या दातांवर सराव करू दिला होता. यंत्रावर दात बनवून देणारे लोक आले तेव्हा "आमच्याकडे काका आहेत" एवढं म्हणून डॉक्टरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. आणि डॉक्टरीणबाई तेवीस वर्षं बाथरूमच्या दाराबाहेरून ऐकत आल्या होत्या, इतक्या उशिरा बोललं तर "आधी का नाही सांगितलंस?" याला उत्तर काय?

"छान," ताई म्हणाल्या. कुणीतरी काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

संमेलनाला आठ दिवस असताना, शुक्रवारच्या तालमीत सगळं गाणं चिमटीच्या मोबाईलवर रेकॉर्ड झालं. त्याच दिवशी ताईंनी दवाखान्याच्या फोनसाठी एक निरोपही रेकॉर्ड करून दिला होता: "आपण थोडा वेळ थांबा." फोन होल्डवर ठेवला की वाजणारी जुनी टिणटिण सगळ्यांना नकोशी झाली होती. चिमटीनं दोन्ही फायलींना "ताई फायनल" हेच नाव दिलं. रविवारी फोनवाला येऊन भिंतीवरच्या फोनच्या डब्यात फाईल भरून गेला. डब्याला कुलूप घातलं, किल्ली घेऊन गेला, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.

सोमवारी सकाळी पहिला फोन आला. ताईंनी होल्डचं बटण दाबलं, वही उघडली, फोन पुन्हा उचलला. "हां, बोला."

पलीकडून एक बाई म्हणाल्या, "मधेच काय उचललंत हो?"

"म्हणजे?"

"काही नाही. उद्या अकराची वेळ द्या. आणि जरा परत होल्डवर ठेवा ना."

तिसऱ्या फोननंतर ताईंनी स्वतःच्या मोबाईलवरून दवाखान्याला फोन लावला, एका कानाला एक आणि दुसऱ्याला दुसरा लावून ऐकलं. टॅं टॅं, टडॅं टॅं, टॅं डाऽ. मग त्यांचाच आवाज, हळू, सांगितल्यासारखा:

खुर्चीत बसलोय, पाय हलतोय,
समोरचा माणूस मला टाळतोय...

मग चढ. ड्रम भरत आले. ताईंनी घड्याळाकडे बघितलं. छप्पन्नाव्या सेकंदाला डॉक्टरांनी आऽऽ केला, आणि ताईंनी दोन्ही फोन एकदम ठेवले.

"चिमटे!"

चिमटीनं फोनवाल्याला सतरा वेळा फोन केला. तो बाहेरगावी होता. तिनं डब्याच्या कुलपात दात साफ करायचा आकडा घालून बघितला, आकडा वाकला. "ताई, होल्डच नका ठेवू ना कुणाला."

ते जमण्यासारखं नव्हतं. एका हातात रडणारं मूल, समोर सुजलेला गाल आणि फोन चालू, हा तिथला रोजचा प्रकार. तेव्हा ताईंनी दुसरा मार्ग काढला. टेबलावर सेकंदकाटा असलेलं घड्याळ ठेवलं. काहीही होवो, चौपन्नाव्या सेकंदाला फोन उचलायचा. कोरस कुणाच्या कानी पडू द्यायचा नाही. काकांचं गाणं शनिवारपर्यंत तरी लोकांच्या तोंडी खराब व्हायला नको.

बिचाऱ्या ताईंना कळलं नव्हतं की याहून मोठा गळ त्या स्वतःच टाकत होत्या. लोकांना रिफ मिळाली, गोष्ट मिळाली, चढ मिळाला आणि ऐन दारात "हां, बोला!" मंगळवारपर्यंत गावात घर न सापडलेली शंभरेक माणसं हिंडत होती. ती परत फोन करायची. नको असलेल्या वेळा घ्यायची. एकानं तर कवळी असताना दात किडल्याची तक्रार केली. खुर्चीत आ करून बसलेले पेशंट त्याच अवस्थेत गुणगुणायचे, "आं आं, आंडां आं, आं डाऽ," आणि सगळे नेमके त्याच सुरावर थांबायचे.

अर्ध्या दाराआडून काका बघायचे. "ताई, ऐकलंत? कुणीही सा लावत नाही! प्रत्येक जण तिथेच अडकलाय. पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही स्टेजवरून वाजवलं, तेव्हा लोक उठून चहाला जायचे हो." त्यांच्या भुवयांवरचं प्लास्टर थरथरत होतं. ताईंना सांगावंसं वाटलं की हे सगळं तुमचं आहे. पण सांगायला गेलं की कोरसच्या आधी फोन का उचलतो तेही सांगावं लागणार होतं, म्हणून त्या म्हणाल्या, "वरची कवळी झाली का?"

पण डॉक्टर बहिरे नव्हते. बुधवारी ते हातमोजे काढत बाहेर आले. "ताई, हे पेशंट आपलं गाणं कसं काय गुणगुणतायत?"

चिमटीनं फायलींची अदलाबदल कबूल केली, घड्याळाचं मात्र सांगितलं नाही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांचे डोळे लकाकले.

"म्हणजे गावानं गाणं ऐकलंय! आणि वेडं झालंय!" ते म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? कोरस जबरदस्त झालाय. शनिवारी तर मी शेवटचा कोरस चार वेळा गाणार."

काकांच्या हातातून मेणाचा दात पडला.

गुरुवारी दुपारी पावणेदोनला दार ढकलून एक निवृत्त स्टेशनमास्तर आत आले. हातात छत्री, अंगात इस्त्रीचा शर्ट. वेटिंग रूममध्ये अजून चार पेशंट होते. तालमीसाठी डॉक्टरीणबाईही बास घेऊन नुकत्याच येऊन बसल्या होत्या.

"मला दातदुखीचा त्रास नाही," मास्तर म्हणाले. "झोपेचा आहे. चार दिवस मी त्या गाण्याच्या फलाटावर उभा आहे. गाडी येतेय, येतेय, सिग्नल पडलाय, आणि या बाई म्हणतात, हां बोला! मी आयुष्यात कुठलीही गाडी अशी अडवली नाही. पुढचं ऐकल्याशिवाय मी हलणार नाही."

"खरंय!" कोपऱ्यातला सुजलेला गाल बोलला. "आण्यात पुहे आय आहे?"

डॉक्टर दारात उभे होते. इतका सन्मान त्यांना पदवी मिळाली तेव्हाही मिळाला नव्हता. "ऐकवतो! आत्ता ऐकवतो!" त्यांनी मोबाईल काढला, दवाखान्याचाच नंबर लावला, स्पीकर चालू करून टीपॉयवर ठेवला. टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, उचला आणि होल्डवर टाका."

"डॉक्टर, दोन वाजतायत, तालीम..."

"टाका हो. आणि मी सांगेपर्यंत परत उचलायचा नाही."

ताईंनी काकांकडे बघितलं. काका अर्ध्या दारात गिटार छातीशी धरून उभे होते, मूल धरावं तशी. ताईंनी बटण दाबलं.

टॅं टॅं, टडॅं टॅं, टॅं डाऽ. मास्तरांची छत्री जमिनीवर ठेका धरू लागली. दुसऱ्या वेळी सगळी खोली डोलायला लागली. कडवं सुरू झालं, आवाज उतरला, तशी माणसं पुढे झुकली. आवाज कमी झाला की माणूस जवळ येतोच. ओळींच्या मध्ये गिटारचा एकेक तुकडा मान हलवत होता. चढ सुरू झाला. डॉक्टरीणबाई नकळत ओठांवर मोजत होत्या. चौपन्नावा सेकंद आला. ताईंचा हात सवयीनं फोनवर गेला.

"ताई!" डॉक्टर म्हणाले.

हात मागे आला. छप्पन्न.

फोनमधून जे आलं ते ऐकून सुजलेल्या गालानं गालावरचा हात काढून कानावर ठेवला. मास्तरांची छत्री हवेतच राहिली. गाडी आली होती, पण रुळांवरून नाही.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते फोनकडे वाकले. "हे कोण मध्ये?" ते पुटपुटले. "तालमीच्या वेळी पेशंट होता का कुणी?"

चिमटी भिंतीवरचा दात कसे घासावेत हा तक्ता मन लावून वाचत होती.

"शेजारच्या दुकानातला असेल," डॉक्टर म्हणाले. "कोण आहे हा? इतकी सुंदर वाट करून दिलीय काकांनी आणि हा त्यात..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. त्यांना स्वतःचा आवाज आजवर फक्त आतून माहीत होता, जबड्याच्या हाडातून कानाला पोहोचणारा, घुमणारा, गोड. बाहेरून तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. हाडातून आवाज कसा जातो हे त्या खोलीत फक्त त्यांनाच शास्त्रशुद्ध ठाऊक होतं, तरीही.

दुसरं कडवं आलं, आधीपेक्षा निम्मं, आणि खोलीनं सुटकेचा श्वास घेतला. पुन्हा चढ. पुन्हा तो कोरस. या वेळी डॉक्टरांचे ओठ फोनमधल्या शब्दांबरोबर हलले, आणि मध्येच बंद पडले.

मग ब्रिज आला. रिफ थांबली. ड्रम मंदावले. सूर दुसऱ्या घरात गेले आणि तीच खोली, तीच माणसं, पलीकडच्या बाजूनं दिसू लागली. डॉक्टरांनी एकेकाकडे बघितलं. बायकोकडे, जी वहीत नसलेलं काहीतरी वाचत होती. चिमटीच्या पाठीकडे. ताईंच्या टेबलावरच्या सेकंदकाट्याकडे, मग ताईंच्या फोनवर गेलेल्या आणि परत आलेल्या हाताकडे. शेवटी काकांकडे. काका खाली बघत होते, आणि त्यांची बोटं तारांना न लावता, हवेत, आपलं गाणं वाजवत होती. कसलीही तक्रार नसलेली बोटं.

शेवटचा सूर पंचमावर टांगला गेला. पूर्ण मात्राखंडाची शांतता पडली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

एकटी रिफ आली, स्वच्छ. आता शेवटचा कोरस, दुप्पट. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि फोन बंद केला.

"अहो..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थांब गं." डॉक्टर उठले. काकांच्या समोर जाऊन उभे राहिले. पेशंटला वाईट बातमी सांगताना करत तसा त्यांनी आवाज सपाट आणि मऊ केला.

"काका, वाजवा. रिफपासून. ताई, कोरस तुम्ही म्हणा, शनिवारीसुद्धा." मग एक श्वास घेऊन ते म्हणाले, "मला गाता येत नाही."